फ्रिजमधल्या त्या ग्लासाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

निघण्याच्या गडबडीत फ्रिजबद्दल नीट बोलणं राहून गेलं. आई, तू म्हणालीस की हल्ली उरलेली भाजी दुसऱ्याच दिवशी आंबते. तुझं काहीच चुकत नव्हतं, फ्रिजच पुरेसा गार नव्हता. मी आलो त्या रात्री मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला होता. सकाळी कुणी दार उघडायच्या आत पाहिलं, तर ८ अंश! खरं तर ४ किंवा त्याहून कमी असायला पाहिजे. पाण्यात अशासाठी, की दार उघडताच आतली हवा तापते, पाणी मात्र अन्नासारखंच सावकाश तापतं. त्यामुळे अन्न किती गार आहे ते खरं कळतं.

बाबा, नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आपल्या फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त, म्हणून मी तो २ वरून ४ वर नेला. शिवाय मागच्या भिंतीतल्या ज्या झरोक्यातून गार हवा येते, त्याला मोठं पातेलं टेकलं होतं, तेही हलवलं. एक दिवस थांबून पुन्हा मोजलं. मधे ४, खालच्या कप्प्यात अगदी मागे २ आणि दारात ७. एकाच फ्रिजमध्ये एवढा फरक!

म्हणून आई, उरलेलं अन्न खालच्या कप्प्यात मागे ठेव. दूधही दारात नको. तिथे सॉस, पाण्याच्या बाटल्या चालतील. भाजी-भात उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. खोल पातेल्यातलं अन्न मधोमध बराच वेळ कोमट राहतं आणि जंतू तिथेच वाढतात. असं ठेवलेलं अन्न ४ अंशांना तीन-चार दिवस टिकतं. ८ अंशांवर तेवढा भरवसा धरता येत नाही.

वास घेऊन ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. आंबट वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. लिस्टेरिया नावाचा जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतो आणि पासष्टीनंतर तो जास्त त्रास देतो. त्यापेक्षा डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. चौथा दिवस उलटला की टाकून द्या, आई, जिवावर आलं तरी.

थर्मामीटर ग्लासातच ठेवलाय. बर्फ घातलेल्या पाण्यात तो शून्य दाखवतो, हे मी तपासलंय. तीन दिवस सकाळी दूध काढायच्या आधी बाबांनी आकडा बघावा. ४ च्या वर दिसला तर नॉब एक घर पुढे करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मागच्या डब्यात बर्फ धरायला लागला तर अर्धं घर मागे. रविवारी फोन करीन तेव्हा तिन्ही दिवसांचे आकडे मला सांगा.

तुमचा,
बाळू