क्लेम पाठवला आहे, बाबा

ती. बाबा आणि सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देता, आणि आई लगेच ओवीच्या जेवणावर येते. म्हणून लिहितेय. सावकाश वाचा, चष्मा लावून.

क्लेमची मेल मी काल रात्री पाठवली. तुम्ही "नको त्या भानगडी" म्हणाला होतात, ते मला पटलं नाही. दादाने अमेरिकेच्या प्रवासासाठी तुमची विमा पॉलिसी काढली, पूर्ण प्रीमियम भरला, फॉर्मवर तुमचं बीपी आणि रोजची गोळी स्पष्ट लिहिली. आपण काही लपवलेलं नाही. इथे पोटात कळ आली त्या रात्री तुम्हाला आत नेल्यावर अनिकेतने हॉस्पिटलच्या पार्किंगमधूनच विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून क्लेम नंबर घेतला होता. एवढं सगळं रीतसर असताना हक्काचे पैसे सोडायचे कशासाठी? विट्याच्या जमिनीच्या वेळी तुम्ही सोडून दिलंत, तेव्हा मी लहान होते. आता नाही.

आधी आईशी बोलायचंय. आई, तुझ्या मनात हे टोचत असणार, म्हणून स्पष्टच लिहिते: तू काहीही चुकीचं बोलली नाहीस. इमर्जन्सीत त्या नर्सने फोनवर दुभाषा लावून विचारलं, पोटाचा त्रास कधीपासून, आणि तू सांगितलंस की बाबांना महिनाभर ॲसिडिटी होती, जेवण जात नव्हतं. ते खरंच होतं. पण दुभाष्याकडून नर्सकडे आणि तिच्याकडून कॉम्प्युटरमध्ये जाईपर्यंत त्याचं "पोटदुखी, एक महिन्यापासून" झालं. महिनाभर आधी तुम्ही दोघं सांगलीत होतात. विमा कंपनीचा माणूस तेवढी एक ओळ वाचून म्हणू शकतो की दुखणं प्रवासाआधीचं होतं आणि माहीत असून निघालात. असे क्लेम बिलांच्या आकड्यापेक्षा अशा एखाद्या ओळीवर अडतात, म्हणून मी सगळी कागदपत्रं आली तेव्हा बिलं बाजूला ठेवून आधी इमर्जन्सीच्या नोंदीच वाचल्या.

बाबा, तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी एका फॉर्मवर तुमची सही घेतली, आठवतं? तो नोंद दुरुस्त करून मागण्याचा अर्ज होता. इथे पेशंटला तो कायद्याने हक्क आहे आणि हॉस्पिटलला साठ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुनी ओळ मात्र कधी खोडत नाहीत, खाली पुरवणी जोडतात. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ती जोडली: महिनाभराची जळजळ वेगळी, ती अँटासिडने थांबत होती, उजव्या कुशीतली कळ त्याच संध्याकाळी सुरू झाली. सीटी स्कॅनमध्ये मूत्रनलिकेत चार मिलिमीटरचा खडा दिसलाच आहे. म्हणजे आता कागदावर दोन्ही गोष्टी आहेत, चुकीची ओळ आणि तिचा खुलासा. कंपनीला ती ओळ नंतर सापडण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, म्हणून मेलच्या दुसऱ्याच परिच्छेदात मी ते लिहिलं, पान क्रमांकासकट.

तरी एक प्रश्न ते विचारतील. खडा काही एका दिवसात होत नाही, मूत्रपिंडात तो महिनोन्‌महिने गुपचूप बसलेला असू शकतो, आणि नलिकेत घसरला की मगच कळ येते. तेव्हा "खडा आधीच होता" असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. आपलं म्हणणं इतकंच की त्याचं निदान झालं नव्हतं, त्यावर कधी उपचार झाले नव्हते, आणि त्याचा त्रासही नव्हता. पॉलिसीतली आधीच्या आजाराची व्याख्या मी वाचली, ती या तीन गोष्टींवरच उभी आहे. हे दाखवायला तुमच्याकडून दोन कागद हवेत, आणि ते माझ्याकडे नाहीत.

पहिला, गेल्या वर्षीच्या हेल्थ चेकअपमधली सोनोग्राफी. मूत्रपिंडं नॉर्मल असा रिपोर्ट आला होता, तुम्हीच फोनवर वाचून दाखवला होतात. तो स्टीलच्या कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये असणार. तुमच्या फाइलीत कागद हरवत नाही हे मला माहीत आहे. माझ्या शाळेच्या वह्यांना खाकी कव्हर घालून त्यावर तुम्ही पट्टीने रेघ मारून नाव लिहायचात; वर्गात माझी वही लांबून ओळखू यायची. दुसरा कागद डॉक्टरकाकांचं पत्र, त्यांच्या लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबर आणि तारखेसह: तुम्ही किती वर्षांपासून त्यांच्याकडे आहात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, प्रवासाआधी शेवटचं कधी दाखवलं, खड्याची तक्रार कधी होती का. त्यांच्या केसपेपरमध्ये जे असेल तेच लिहू दे. ॲसिडिटीची गोळी दिली होती, तर तेही येऊ दे. "जरा चांगलं लिहा" असं त्यांना म्हणू नका.

पैशांचं सांगते, कारण तुम्ही रात्री आकडेमोड करत बसता हे आईने सांगितलं. तुम्ही पाहून घाबरलात ते हॉस्पिटलचं बिल ११,८६० डॉलरचं होतं. इथे स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांना सूट मागता येते, आपल्याला चाळीस टक्के मिळाली, म्हणजे ७,११६ भरले. इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं १,२४० आणि सीटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं २८५ वेगळं आलं, तेही टपालाने, तुम्ही परत गेल्यानंतर. इथे हॉस्पिटल आणि डॉक्टर आपापली बिलं पाठवतात, त्यामुळे पहिलं बिल आल्याबरोबर क्लेम पाठवला असता तर मागची राहून गेली असती. एकूण ८,६४१. क्लेम मी तेवढ्याचाच केलाय, सूट मिळण्याआधीच्या आकड्याचा नाही. जे भरलंच नाही ते मागता येत नाही. त्यातले पहिले शंभर डॉलर पॉलिसीप्रमाणे आपले, म्हणजे सगळं मान्य झालं तर ८,५४१ डॉलरचे रुपये येतील.

आधी हॉस्पिटलने एका पानाचं, एका ओळीचं बिल दिलं होतं, "येणे बाकी" एवढंच. ते क्लेमला चालत नाही. मी बिलिंग विभागाकडून UB-04, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलाचा ठरलेला फॉर्म, मागून घेतला आणि दोन्ही डॉक्टरांकडून CMS-1500, म्हणजे डॉक्टरांच्या बिलाचा तसाच फॉर्म. त्यात निदानाचा कोड N20.1, म्हणजे मूत्रनलिकेतला खडा, आणि स्कॅनचा कोड 74176 असतो. डिस्चार्जच्या कागदावरचं निदान आणि बिलावरचा कोड एकच आजार सांगतात की नाही, हे मी एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहिलं.

बिलं माझ्या कार्डवरून भरली, म्हणून कार्डचं स्टेटमेंट आणि "वडिलांच्या वतीने भरले" असं माझं सहीचं पत्र जोडलंय. पण पॉलिसी तुमच्या नावावर, तेव्हा पैसे तुमच्या खात्यात येतील. बाबा, ते मला परत पाठवायचे नाहीत. हा वाद आपण नंतर घालू, पण मी ऐकणार नाही. पुढच्या वेळची तिकिटं त्यातून काढा, आणि आईच्या गुडघ्याचं जे पुढे ढकलताय ते करून घ्या.

प्रवासाच्या पुराव्याची काळजी नको. पासपोर्टवर अमेरिकेचा शिक्का नाही म्हणून आई घाबरली होती. हल्ली इथे बऱ्याच विमानतळांवर शिक्का मारतच नाहीत, आणि परत जाताना तर इथे शिक्क्याची पद्धतच नाही. सरकारच्या साइटवरून तुमचा I-94, म्हणजे इथल्या प्रवेशाची नोंद, काढला, त्यात आल्याची तारीख आहे. त्याला मुंबईचे जातानाचे आणि येतानाचे शिक्के, तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडले की साखळी पूर्ण होते. परतीचे बोर्डिंग पास मात्र तुमच्याकडे आहेत. आई, ते तू तुझ्या पर्समध्ये पोथीत खूण म्हणून ठेवले होतेस. त्या कागदावरची छपाई पुसट होते, तेव्हा आजच दादाच्या मुलाकडून फोटो काढून घे.

आता ऐका, आणि इथे मी थोडी दरडावूनच बोलणार आहे. कंपनी कदाचित एखादा चौकशी करणारा माणूस घरी पाठवेल, किंवा तो डॉक्टरकाकांकडे जाईल. ओळखपत्र बघा, चहा द्या, विचारलं तेवढं खरं सांगा. पण त्याने लिहिलेल्या जबाबावर न वाचता सही नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही, आणि सही केलेल्या पानाचा फोटो लगेच मला. कुणी फोन करून ओटीपी मागितला तर तो कंपनीचा नव्हे, फोन ठेवून द्या. मेलला आलेल्या प्रश्नांना उत्तर मी देईन, तुम्ही परस्पर देऊ नका; दोन जणांची दोन उत्तरं गेली की नवा घोळ.

आणि नाकारलाच, तर लेखी कारण मागायचं, त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, आणि महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मी तयार करून देईन, दादा घेऊन जाईल. तुम्हाला एसटीने दगदग करायची नाही.

बाबा, त्या रात्री तुम्ही कळ सोसत सोसत "ओवीची झोप मोडेल" म्हणून मला उठवलं नव्हतंत. असं पुन्हा करू नका. पाणी पिताय ना? तहान लागल्यावर नाही, घड्याळ लावून. तांब्या उशाशी ठेवा. मीठ कमी, लोणचं आईच्या परवानगीने. पंधरवड्यात सोनोग्राफी परत करून घ्या, खडा पडला असला तरी. आई, तुझी ॲसिडिटी नाही ना सुरू झाली आता, या सगळ्या विचाराने?

रविवारपर्यंत तीन गोष्टी पाठवा: निळ्या फाइलीतला रिपोर्ट, डॉक्टरकाकांचं पत्र, बोर्डिंग पासचे फोटो. पानं सरळ ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असे. मी रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते.

तुमची,
मनू