कावी नक्षीसंचाच्या विक्री-वर्णनाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, चतुर्थीपूर्वी विक्रीस ठेवावयाच्या कावी नक्षीसंचाच्या वर्णनात ‘बारा सुंदर नक्ष्या’ एवढेच लिहून भागणार नाही. गेल्या खेपेस एका ग्राहकाने छापील तक्ते घरपोच येतील, असे समजून आठवडाभर वाट पाहिली, आणि चूक आपल्याच मजकुराची होती. म्हणून ‘ही केवळ डाउनलोड करावयाची फाइल असून कोणतीही वस्तू टपालाने येणार नाही’ हे वाक्य सर्वांत वर असावे.

ग्राहकाला एक झिप फाइल मिळते. तीत बारा नक्ष्या प्रत्येकी एसव्हीजी व पीएनजी या दोन्ही स्वरूपांत असून, सोबत परवान्याचा मजकूर असतो. पीएनजीची रुंदी ३६०० पिक्सेल आहे, म्हणजे ३०० डीपीआयला ती १२ इंच नीट छापली जाते. तीच मखरामागच्या पडद्यासाठी ३६ इंच केली की १०० डीपीआय उरतात आणि तांबड्या रेषेच्या कडा जवळून पायऱ्यांसारख्या दिसतात. मोठ्या छपाईसाठी एसव्हीजीच वापरावी, असे स्पष्ट लिहावे.

परवाना म्हणजे मालकी नव्हे. घरगुती सजावटीस मुभा आहे. विक्रीच्या वस्तूंवर छापण्यासाठी व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागेल. मूळ फाइल इतरांस देणे वा पुन्हा विकणे दोन्ही परवान्यांत वर्ज्य आहे. पारंपरिक आकृतिबंध कोणा एकाचे नाहीत, त्यामुळे हक्क फक्त आपल्या रेखाटनापुरताच सांगावा.