काकू, तुम्ही दादरला उतरलात म्हणून

प्रिय काकू,

आपल्या डोंबिवली फास्टमधल्या बायकांना हे पत्र वाचून अंदाज येईलच. तरी माझ्या मैत्रिणीची ती गोष्ट काय होती ते इथे लिहीत नाही. एकदा फुटली तेवढी पुरे. हे पत्र टाकू का, तेही आधी तिलाच विचारलंय.

त्या दिवशी ठाणं सुटल्यावर कुणीतरी सहज विचारलं, "आज ही कशी नाही आली?" आणि मी खरं कारण सांगून बसले. तिने ते फक्त मला सांगितलं होतं. खिडकीशी बसलेल्या तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला जायचं होतं भायखळ्याला, पण माझ्यासोबत दादरलाच उतरलात आणि म्हणालात, "संध्याकाळच्या आत तिला कळायला हवं, आणि तुझ्याकडूनच."

मी बाकावर बसून मेसेज लिहिला, तुम्ही तो वाचलात. "चुकून निघून गेलं गं, पण त्या सगळ्या आपल्याच आहेत, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी, मला तर काहीच सुचत नाहीये." तुम्ही एकेक तुकडा काढायला लावलात. त्या आपल्या आहेत की नाहीत, हे तिने ठरवायचं. वाईट वाटलं 'असेल तर' कशाला, वाटणारच. आणि मला सुचत नाही हे ऐकून उलट तिनेच माझी समजूत काढायची का? उरलं काय, तर मी काय बोलले, नेमक्या कुठल्या शब्दांत, आणि कोणी ऐकलं. मग म्हणालात, हे लिहून पाठवू नकोस, फोन कर.

त्या बायकांना "कुणाला सांगू नका" म्हणून मी मेसेज करणार होते. तोही तुम्ही थांबवलात. त्याने गोष्टीला आणखी वजन आलं असतं, आणि तिला न विचारता मी दुसऱ्यांदा तिच्या वतीने बोलले असते.

फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "कोण कोण होतं?" मी पाच नावं सांगितली. त्यातली एक तिच्या नणंदेच्या ऑफिसातली निघाली. हे मला ठाऊकच नव्हतं. तिने त्याच दुपारी घरी स्वतः सांगून टाकलं. ते तिला महिनाभराने सांगायचं होतं, तिच्या पद्धतीने. तो महिना माझ्यामुळे गेला. पण दुसऱ्याच्या तोंडून घरी पोचण्याआधी तिला बोलता आलं, ते तुम्ही माझ्यासोबत दादरला उतरलात म्हणून.

"माफ केलंस ना?" असं मी विचारलं नाही. तोही तुमचाच सल्ला, आणि पाळायला सगळ्यात कठीण. ती हल्ली एक गाडी आधीची पकडते. मी माझी वेळ बदललेली नाही. तिच्या मागे जाऊन तिला अवघडवायचं नाही.

काकू, त्या दिवशी तुमचा लेटमार्क लागला असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत. मनापासून आभार.

तुमची,
चौथ्या सीटवरची