पुरलेला डबा आणि काळी माती

महोदय,
दहावीच्या निरोपाला वर्गमित्रांसाठी पत्रं लिहून, ती डब्यात बंद करून शाळेच्या आवारात पुरायची हौस आता आपल्या नागपुरातही दिसते. पण इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. झाकण ढिलं होतं, ओल शिरते, मागोमाग वाळवी. त्यापेक्षा शाळेचं लोखंडी कपाट बरं. जेलपेनाची शाई ओलीने पसरू शकते, शिसपेन्सिल (दिसायला गरीब खरी!) पसरत नाही. सेलोटेप टाळावी, तिचा गोंद पिवळा पडून कागद डागाळतो. लिफाफ्यावर उघडायचं साल हवंच, शिवाय शाळेच्या नोंदवहीतही लिहून ठेवावं. मुख्याध्यापक बदलतात, आणि नवीन माणूस कपाट आवरताना बेवारस लिफाफे रद्दीत घालतो.

— एक माजी शिक्षिका, धरमपेठ, नागपूर