आधी शुगर की आधी दात?

बडोदे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन स्पीकरवर टाकून बाबा अंगणात निघून जातात आणि मग मी आईलाच लेक्चर देत बसते, म्हणून हे लिहितेय. आई, वाचून झालं की त्यांच्या हातात दे. चष्म्यासकट.

बाबा, तुमचा राग मला कळला. वरची डावी दाढ हलते, दुखते, ती काढायला तुम्ही गेलात. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, शुगर 286 निघाली, आणि दाढ न काढता “आधी हिरड्यांची सफाई करू” म्हणून पुढची तारीख दिली. संध्याकाळी तुमचे नेहमीचे डायबिटीसवाले डॉक्टर म्हणाले, “आधी शुगर खाली आणा, मग दातांचं बघा.” तुम्ही दोघांनाही नावं ठेवलीत आणि घरी येऊन लवंग धरून बसलात. आईने पाठवलेला रिपोर्ट मी पाहिला. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, 9.4 आहे. मागच्या वर्षी तीच 7.8 होती. गोळ्या त्याच, फिरणं तेच, आणि आई शपथेवर सांगते की जिलबीही तेवढीच.

दाढ त्या दिवशी काढली नाही हे बरोबरच झालं. ती काही पुवाने सुजून तुमचा गाल फुगवत नव्हती, थांबण्यासारखी होती. शुगर इतकी वर असताना दाढ काढली की खड्डा भरायला वेळ लागतो आणि त्यात संसर्ग होण्याची भीती जास्त. नेमक्या किती आकड्याला थांबायचं याची सगळीकडे एकच रेघ नाही. मी स्वतः दोनशेच्या वर गेली की विचार करते आणि अडीचशेच्या वर असेल तर न अडलेली दाढ काढत नाही. पण सफाईचं तसं नाही. “शुगर खाली आली की मग सफाई” हे तुमच्या डायबिटीसवाल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

क्लिनिक सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. शिलाईकाम करणाऱ्या एक बाई आल्या, पंचावन्नच्या आसपास. हिरड्यांतून रक्त, तोंडाला वास, खालचे पुढचे दात पंख्यासारखे फाकलेले. एचबीएवनसी 10.2. मी मोठ्या शहाणपणाने त्यांना परत पाठवलं, “आठच्या खाली आणा, मग या.” त्या पाच महिन्यांनी आल्या. एचबीएवनसी 10.6, हिरडीवर दोन ठिकाणी पुवाचे फोड, आणि एक दात त्यांनी रुमालात बांधून आणला होता. पोळी चावताना हातात आला म्हणाल्या. मी त्यांना जे आधी करून या म्हणत होते, ते त्यांच्या हिरड्या करू देत नव्हत्या. सफाईला आणखी उशीर केला नाही. पू काढला, दोन खेपांत सगळं तोंड साफ केलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट 9.1 आला. सगळं श्रेय माझं नाही, मधे त्यांच्या डॉक्टरांनी औषधही बदललं होतं. पण त्यानंतर सफाईसाठी मी कुणालाच “शुगर खाली आणून या” असं सांगितलेलं नाही.

यामागचं कारण साधं आहे. तुम्हाला गेल्या पावसाळ्यात ताप आला होता तेव्हा शुगर किती चढली होती आठवतं? अंगात कुठे संसर्ग असला की शरीर जी रसायनं सोडतं, ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरड्यांत तेच होतं, फक्त ताप येत नाही आणि बरेचदा दुखतही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. निरोगी हिरडी दाताला तीन मिलिमीटरपर्यंत सैल असते. तुमच्या तोंडाचा तक्ता आईने फोटो काढून पाठवला, त्यात मागच्या दाढांपाशी सहा आणि सात आकडे आहेत. म्हणजे दाताच्या कडेने तेवढा खोल खिसा झालाय आणि त्याची आतली भिंत सुजून, सोलवटून गेलीय. सगळ्या दातांभोवतीची ही आतली बाजू उलगडून सपाट पसरली, तर तिचं क्षेत्रफळ आठ ते वीस चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. वीसच्या जवळ असेल तर आपल्या काडेपेटीची वरची बाजू समजा. एवढी ओली जखम पायावर असती, तर बाबा, आईने तुम्हाला स्वस्थ बसू दिलं असतं का?

आता उलट्या बाजूने. शुगर सतत वर राहिली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्या आणि हिरडीचे तंतू बिघडतात, झीज झालेली जागा नीट भरत नाही. तोच जंतूंचा थर माझ्या दातांवर असेल तर माझी हिरडी जरा लाल होऊन थांबेल, तुमच्या दातांवर असेल तर खालचं हाड विरघळत जातं. म्हणजे शुगर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर चढवतात. तुमच्या 7.8 चं 9.4 होण्यात हिरड्यांचा नेमका वाटा किती, हे मी इथे बसून सांगू शकणार नाही. वाटाच नसेल, असं मात्र मला वाटत नाही.

सफाईने किती फरक पडेल याबद्दल भलत्या आशा नकोत. आजवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.4 ने उतरतो. 9.4 चा 9 होईल, 7 नव्हे. अमेरिकेतल्या 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात तर काहीच उतरला नव्हता. त्यावर टीका झाली की सफाईनंतरही त्या लोकांच्या हिरड्या पुरेशा बऱ्याच झाल्या नव्हत्या. तेव्हा गोळ्या आणि जेवणाचं पथ्य काही सुटत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन औषध वाढवायचं का हे याच आठवड्यात विचारा, सफाई होईपर्यंत थांबू नका.

आता सफाईच्या दिवसाचं. वेळ सकाळी दहाची घ्या. आणि उपाशी जायचं नाही! रक्ततपासणीला जातो तसं उपाशी जायची तुमची खोड मला माहीत आहे. तुमची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन पोटात काही नसेल तर खुर्चीतच शुगर घसरेल. नेहमीप्रमाणे गोळी, वर पोहे, आणि मग निघायचं. आई, पर्समध्ये साखरेची पुडी ठेव. बाबांना घाम फुटला, हात थरथरले किंवा ते उगाच चिडचिड करायला लागले (नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे) तर लगेच डॉक्टरांना सांग. शुगर सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

एका वेळी अर्धं तोंड बधिर करून, हिरडीच्या आत मुळांवर चिकटलेलं कीटण खरवडून काढतील. आठवड्याने उरलेलं अर्धं. आणि मग तुम्ही मला फोन करून म्हणाल, “बघ, सफाईने दात हलायला लागले आणि फटी पडल्या.” माझ्याकडे रोज कुणी ना कुणी हे म्हणतं. फटी आधीपासूनच असतात, कीटणाने लिंपलेल्या आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेल्या. सूज उतरली की त्या उघड्या पडतात. थंड पाणी काही दिवस झोंबेल. हलणारे दात सहा-आठ आठवड्यांत थोडे घट्टही होतात. तेव्हा डॉक्टर पुन्हा खिसे मोजतील. मोजताना रक्त कमी आलं आणि सहाचे चार झाले असतील तर काम झालं म्हणायचं. दाढ ठेवायची की काढायची हेही तेव्हाच ठरेल. माझा अंदाज विचाराल तर ती जाणार. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांच्या आत करू नका, जुन्या रक्तपेशी बदलायला तेवढा वेळ लागतोच.

आई म्हणाली, रक्त येतं म्हणून तुम्ही त्या बाजूला ब्रशच करत नाही. बाबा, रक्त येतं तिथेच तर करायचा. मऊ ब्रश घ्या. मागच्या फटींसाठी बाटलीच्या ब्रशसारखे छोटे ब्रश मिळतात, डॉक्टरांकडून फटीच्या मापाचा मागून घ्या. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून चार दिवस घ्यायची नाही. तिने पू दबेल, कीटण तिथेच राहील. दुखलंच तर पॅरासिटामॉल. त्या लाल-पांढऱ्या पाकिटातली आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं तुमचं क्रिएटिनिन आधीच काठावर आहे.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सफाईची तारीख किंवा शुगरचा आकडा बघत बसू नका, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. सरळ हॉस्पिटलमध्ये जा आणि गाडीत बसून मला फोन करा. अशा वेळी शुगर कितीही असली तरी पू काढावाच लागतो आणि शुगर तिथे इन्सुलिनवर सांभाळतात.

पहिल्या सफाईला मी येऊ का, विचारू नका, शनिवारी येतेय. स्कूटर तुम्ही काढायची नाही, रिक्षाने जाऊ. आणि परत येताना सराफ्याच्या कोपऱ्यावर कचोरीसाठी थांबायचं नाही. ओठ दोन-तीन तास बधिर असतो, गरम काही खाल्लं तर भाजलेलं कळतसुद्धा नाही. घरी आईने केलेली मऊ खिचडी, तीही कोमट. आई, मुगाची कर, वर तूप कमी.

तुमची,
मनू