आजीने लिहून दिलेली तार

सांगली,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय मंद्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच खिदळला असतास आणि गोष्ट अर्ध्यात तुटली असती, म्हणून पत्र. नीट बसून वाच. हसायचं असेल तर शेवटी हस.

मी शनिवारी मोडीच्या वर्गाला जातो हे तुला माहीत आहे. पणजोबांच्या ट्रंकेतले कागद वाचायचे म्हणून नाव घातलं होतं. तिथे शेजारच्या बाकावर एक मुलगी बसते. नाव नंतर सांगेन, आत्ता ‘ती’ म्हणू. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी ओळ ओढायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरं लटकवत जायची. माझी ओळ डावीकडून नीट निघते आणि पानाच्या मध्यावर आली की खाली उतरायला लागते. तिसऱ्या शनिवारी तिने माझ्या वहीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, “तुमची ओळ मिरजेला निघाली की!” मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “हो.” एवढंच. वर्ग सुटल्यावर तिनेच नंबर विचारला आणि तिच्या बाराखडीच्या पानाचा फोटो पाठवला. मी ‘धन्यवाद’ पाठवलं. त्यावर तिचा अंगठा आला. मग तीन आठवडे काही नाही.

या तीन आठवड्यांत मी रोज रात्री तो चॅट उघडायचो, काहीतरी टाइप करायचो आणि पुसायचो. सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि ही अवस्था. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून हेच चाललं होतं. आजी शेंगा फोडत होती. बराच वेळ पाहून म्हणाली, “काय रे, बिल भरतोयस का कुणाला लिहितोयस? बिल भरताना माणूस असा ओठ चावत नाही.”

सांगून टाकलं. का ते माहीत नाही. बहुतेक शेंगा फोडायचा आवाज बरा वाटत होता.

आजी तारखात्यात होती हे तू लहानपणी ऐकलं आहेस. आपण तिच्या टेबलाखाली बसून कडकट्ट कडकट्ट करायचो, आठवतं? पण तिने तिथे नक्की काय केलं हे मला काल कळलं. लोक तार करायला यायचे ते मनात सगळी कहाणी घेऊन यायचे. शब्दाला पैसे पडायचे. मग आजी फॉर्म पुढे ओढायची, पेन्सिलीने एकेका शब्दावर आकडा घालायची आणि विचारायची, “यातलं काय कळलंच पाहिजे?” बाकीचं काटायची. तीस-पस्तीस वर्षं बाईने लोकांची भाषणं कापली आहेत. माझं एक काय विशेष!

“वाच,” म्हणाली, “काय काय लिहिलंस ते.”

पहिलं होतं, ‘हाय, कशा आहात? जेवण झालं का?’

“याला ती काय उत्तर देणार?”

“हो झालं.”

“मग पुढे तू काय लिहिणार? भाजी कुठली होती?” शेंगेचं टरफल ताटात टाकत म्हणाली, “पूर्वी जबाबी तार असायची. उत्तराचे पैसे पाठवणाराच आधी भरून ठेवायचा, म्हणजे घेणाऱ्याला नुसतं उत्तर द्यायचं काम. तुझं पत्र तसं पाहिजे. उत्तर द्यायला तिला कष्ट पडता कामा नयेत. आणि हे बघ, नाही म्हणायलाही पडता कामा नयेत.”

दुसरं मी वाचायला तयार नव्हतो. कुठल्या तरी ग्रुपवर आलेली चारोळी होती, चंद्र, चेहरा, चांदणं वगैरे. तिने फोन हातातून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचून हसली. म्हणाली, ही नंबरातली तार आहे. तुला माहीत होतं का रे मंद्या, शुभेच्छांच्या तारांची वाक्यं खात्याने ठरवून दिलेली असायची आणि प्रत्येकाला नंबर असायचा? तुम्ही फक्त नंबर सांगायचा, पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य उतरवून द्यायचा. स्वस्त पडायचं. लग्नाच्या दिवशी एकाच मांडवात पंधरा तारा यायच्या आणि पंधराही जणांचं वाक्य एकच. “कुणी पाठवली हे बघायला खालचं नाव वाचायचे, वरचं कुणी वाचत नसे,” आजी म्हणाली. “हा चंद्र तिला आत्तापर्यंत किती जणांनी पाठवला असेल, मोज.”

तिसरा मात्र माझा स्वतःचा होता. मोठा. मी मुळात फार बोलत नाही इथपासून सुरुवात, मग तुमचे डोळे खूप बोलके आहेत, मग राग मानू नका, वेळ असेल तरच, नसेल तरी हरकत नाही, चुकून काही जास्त लिहिलं असेल तर सॉरी. आजीने बोटावर शब्द मोजले. साठाच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं.

“तीनदा माफी मागितलीस. काय केलंयस तिचं?”

“काही नाही.”

“मग आपण होऊन गुन्हेगार का होतोस? तीही दचकेल, म्हणेल हा करणार तरी काय आहे. आणि डोळे कशाला? डोळे तिला जन्मापासून आहेत, त्यात तिचं कर्तृत्व काय आणि तुझं काय? ती काय बोलली, काय केलं तिने, ते सांग. तुला काय आठवतं?”

मी ओळीची गोष्ट सांगितली. मिरजेला निघाली म्हणाली ते. आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“अरे गाढवा,” ती म्हणाली. “तीन आठवड्यांपूर्वी तिने तुला तार केली. तू ‘हो’ म्हणून दार लावून घेतलंस. तिचंच वाक्य उचल आणि तिला परत दे.”

पुढचा अर्धा तास, मंद्या, मी आयुष्यात विसरणार नाही. वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे आम्ही लिहायला बसलो. मी लिहिलं, ‘तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात ना की माझी ओळ मिरजेला निघाली, तर ती अजूनही तशीच जाते.’ तिने पहिले सात-आठ शब्द काटले. तिला आठवतंय, आठवण करून कशाला द्यायची? उरलं, ‘ओळ अजून मिरजेलाच जातेय.’ वाचून मलाच बरं वाटलं. ओळखीच्या माणसाशी बोलणं मध्येच पुन्हा सुरू केल्यासारखं.

मग अडलं ते तू आणि तुम्हीवर. वर्गात सगळे एकमेकांना तुम्ही म्हणतात. ‘चहा घ्याल का’ लिहिलं तर बँकेतल्या मॅनेजरला विचारल्यासारखं, ‘घेशील का’ लिहिलं तर अंगावर गेल्यासारखं. मी इंग्रजीत लिहू का म्हटलं, तिथे ही भानगड नसते. आजी म्हणाली, मराठीतही नाही, तुला वापरता येत नाही. आणि तिने लिहिलं, ‘शनिवारी वर्ग सुटल्यावर चहा घ्यायचा का?’ बघ, यात तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. घ्यायचा का! “आता तिने ठरवू दे,” आजी म्हणाली. “ती काय लिहिते त्यावर तू चाल.”

मला जरा गंमत सुचली होती. म्हटलं, शेवटी असं टाकू, ‘ओळ सरळ झाली नाही तरी ओळख होईल.’ आजीला ते आवडलं, मला दिसलं. दोनदा पुटपुटली. आणि मग काटलं.

“का?”

“चांगलं आहे म्हणून. सगळा गूळ पहिल्याच पोळीत घालतात का? राखून ठेव. समोर बसलास की उपयोगी पडेल.”

पण नुसता चहा विचारला तर तो ऑफिसातला चहा झाला, थट्टा कुठे आहे, असं तिचं तिलाच वाटलं. थोडा वेळ पेन्सिल ओठांत धरून बसली. मग मध्ये एक वाक्य घातलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. पूर्ण मजकूर असा:

‘ओळ अजून मिरजेलाच जातेय. एकटीला पाठवणं बरं दिसत नाही. शनिवारी वर्ग सुटल्यावर चहा घ्यायचा का?’

मी लाल झालो. एकोणऐंशी वर्षांची बाई आहे रे ही! विचारलं, “आजी, हे तू कुठे शिकलीस?” तर म्हणाली, संध्याकाळच्या पाळीला लाइन मोकळी असली की कोल्हापूरच्या बाजूचा माणूस उगाच हवापाणी विचारायचा. चेहरा कधी पाहिला नाही, पण त्याचा हात तिला ओळखू यायचा, डॅश जरा लांबवायचा. आजोबा तर शाळेत मास्तर होते. मी पुढे विचारलं नाही.

सात वाजायला आले होते. मी म्हटलं रात्री पाठवतो, निवांत असेल. आजी ठामपणे नाही म्हणाली. तार आली की लोक वाचायच्या आधी रडायचे, कारण अवेळी आलेला निरोप वाईटच असतो असं मनात बसलेलं. रात्री साडेअकराला अनोळखी पोराचा मेसेज दिसला की तिचं पहिलं मन दचकणार, मजकूर कितीही गोड असो. आत्ता पाठव. हृदयाचं चित्र टाकू का विचारलं, तर तिने त्या पिवळ्या तोंडांकडे बघून विचारलं, “यांचे वेगळे पैसे पडतात का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “तरी नको.”

सहा पन्नासला पाठवला. दोन टिका आल्या. निळ्या झाल्या. आणि मग काही नाही. आजीने फोन घेऊन फ्रिजवर ठेवला. दुसरा मेसेज पाठवायचा नाही, ‘पोचला का’ विचारायचं नाही. पोचला हे तर दिसतंच आहे, आमच्या वेळी त्यासाठी सही घ्यावी लागायची. उद्यापर्यंत काही आलं नाही तर तेच उत्तर समजायचं आणि शनिवारी वर्गात नेहमीसारखं हसून नमस्कार करायचा. हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, टरफलं गोळा करत होती.

नऊ वाजता उत्तर आलं. ‘मिरजेलाच निघाली आहे तर चहा तिथेच पाजशील?’

मी नाचलो. आजीने चष्मा लावून तीनदा वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. “पाजशील,” म्हणाली. “पाजाल नाही. झालं तुझं काम.” मला ते दिसलंच नव्हतं.

मग तिने शब्द मोजले. पंधरा झाले. वर सल्ल्याचे वेगळे. हिशेब भडंगाच्या दोन मोठ्या पाकिटांवर मिटला, दात नसताना ती ते कसं खाणार हा तिचा प्रश्न.

तुझा,
बाळ्या

ता. क. पत्र टाकायला रविवार उजाडला, म्हणून उघडून लिहितोय. काल मिरज झालं. चहा दोन-दोन कप झाला, परतताना पावसाने गाठलं. ओळखीचं ते वाक्य अजून तसंच शिल्लक आहे, काढायची वेळच आली नाही.