प्रेमाचा तोच प्रश्न कार्डांना पुन्हा कधी विचारावा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील टॅरोचे सदर मी आवर्जून वाचते, कारण गेली काही वर्षे मी स्वतः अंबाजोगाईत टॅरो रीडिंग करते. कोणत्या कार्डाचा काय अर्थ, हे त्या सदरात चांगले समजावून सांगितलेले असते. परंतु माझ्याकडे येणाऱ्या मुलींची खरी अडचण अर्थाची नसते. ‘त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे?’ हा एकच प्रश्न त्या आज इथे, उद्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये आणि परवा एखाद्या व्हिडिओसमोर विचारत राहतात, आणि काही दिवसांनी उत्तर मिळूनही मिळाल्यासारखे वाटेनासे होते. तोच प्रश्न पुन्हा कधी विचारावा आणि कधी विचारू नये, याविषयी लिहिण्यासाठी हे पत्र.

एका मुलीचे उदाहरण तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटेल असा तपशील वगळून सांगते. मुलगी परभणीकडची, नोकरी करणारी. मुलगा पुण्यात कंपनीत. ओळख कॉलेजपासूनची, दोन्ही घरी स्थळे पाहणे सुरू झालेले. दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न होता, ‘तो माझ्याशी लग्न करील का?’ दुसऱ्या माणसाने काय ठरवावे याचे उत्तर कार्डांतून निघते असे मी मानत नाही आणि कोणाला तसे सांगतही नाही. म्हणून आम्ही प्रश्न बदलून ‘या नात्यात मला काय दिसत नाही?’ असा केला आणि तीन कार्डे काढली : नात्याची आजची स्थिती, अडथळा, आणि तिच्या हातात असलेली गोष्ट.

पहिले आले सिक्स ऑफ कप्स, म्हणजे जुन्या आठवणींचे कार्ड. दुसरे एट ऑफ स्वॉर्ड्स. १९०९ साली निघालेल्या रायडर-वेट डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी या कार्डावर डोळ्यांवर पट्टी बांधलेली, अंगाभोवती बंध असलेली एक स्त्री काढली आहे. भोवती जमिनीत आठ तलवारी रोवलेल्या आहेत, मात्र तिचे पाय मोकळे आहेत. ते चित्र ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ताई, घरी सांगितलं का हे मी त्याला कधी विचारलंच नाही. विचारलं अन् नाही म्हणाला तर?” तिसरे कार्ड होते पेज ऑफ स्वॉर्ड्स, म्हणजे स्पष्ट बोलणे आणि थेट विचारणे. संक्रांतीला तो गावी येईल तेव्हा त्याला समोरासमोर विचारायचे आणि तोवर हा प्रश्न कार्डांना विचारायचा नाही, असे तिने माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. माझ्या मते रीडिंगचे काम तिथे पूर्ण झाले होते. तिला ठाऊक असलेली, पण ती टाळत असलेली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर आली होती आणि पुढचे पाऊल ठरले होते.

पण तिला धीर धरवला नाही. त्याच आठवड्यात तिने ॲपवर रोज रात्री तीन-तीन कार्डे काढायला सुरुवात केली. एका रात्री टू ऑफ कप्स हे जोडीचे कार्ड आले, तेव्हा तिला शांत झोप लागली. त्यानंतर दोनच दिवसांनी टॉवर, म्हणजे सगळे कोसळण्याचे कार्ड आले, आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याचा फोन उचलला नाही, दिवसभर तो शेवटचा ऑनलाइन कधी होता तेवढेच पाहत बसली. त्याच्या वागण्यात या काळात कसलाही फरक पडलेला नव्हता.

इथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण तो कळल्यावर या मुलीच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके झाले. डेकमध्ये ७८ कार्डे असतात. प्रेमाच्या प्रश्नात ज्यांची भीती वाटते अशी टॉवर, थ्री ऑफ स्वॉर्ड्स आणि टेन ऑफ स्वॉर्ड्स ही तीनच कार्डे धरू. नीट पिसलेल्या डेकमधून तीन कार्डे काढली तर त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता साधारण नवात एक असते. एकदाच काढले तर ती फार नाही. रोज काढत राहिले तर मात्र आठवडाभरात त्यांपैकी एखादे दिसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते, आणि महिनाभरात तर ते जवळजवळ अटळच. लव्हर्स, टू ऑफ कप्स आणि टेन ऑफ कप्स या आनंदाच्या तीन कार्डांनाही हाच हिशेब तंतोतंत लागू पडतो. म्हणजे रोज विचारणाऱ्या मुलीला महिनाभरात ‘सगळे संपले’ आणि ‘सगळे जुळले’ ही दोन्ही उत्तरे जवळजवळ नक्की मिळणार, मग त्या मुलाने काही केलेले असो वा नसो. हे हेलकावे पुन्हा पुन्हा पिसण्यातून निर्माण होतात, आणि ती मात्र त्यांना नात्यातले चढउतार समजून त्यांप्रमाणे वागू लागते.

प्रश्नशास्त्र मानणारे आपल्याकडचे जुने जोशीबुवाही हा धोका ओळखून होते. प्रश्नकुंडली प्रश्न विचारल्या क्षणाची मांडतात आणि तिच्यातले लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते. सकाळचाच प्रश्न संध्याकाळी विचारला तर कुंडली वेगळी निघणारच. म्हणून माझ्या पाहण्यातले जाणते जोशी पहिलाच प्रश्न ग्राह्य धरतात आणि दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला परत पाठवतात. चीनमधील यी चिंग या, सहा-सहा रेघांच्या आकृत्यांवरून कौल सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात चौथ्या षट्‌रेखेच्या वचनातही हेच सांगितले आहे : पहिल्यांदा विचारले तर सांगेन, दोनदा, तीनदा विचारणे हा अनादर, मग सांगणार नाही.

मग पुन्हा विचारावे केव्हा? महिन्यातून एकदा, तीन महिन्यांतून एकदा असे ठरावीक उत्तर अनेकजण देतात. ते अगदीच चूक नाही, पण अपुरे आहे. मी वस्तुस्थिती बदलली का ते पाहते. मागच्या रीडिंगनंतर काही घडले आहे का, दोघांत बोलणे झाले आहे का, घरच्यांनी होकार-नकार कळवला आहे का, की ठरवलेले पाऊल उचलून झाले आहे? यांपैकी एकही गोष्ट झालेली नसेल तर नव्या कार्डांना सांगण्यासारखे नवे काही नसते. काहीच घडत नसेल आणि मन फारच ओढ घेत असेल तर निदान महिनाभराचे अंतर ठेवावे, आणि ती पुढची तारीख पहिल्या रीडिंगच्या शेवटी, मन स्थिर असतानाच लिहून ठेवावी. रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज आलेला नसताना घेतलेला निर्णय ‘आत्ताच काढू’ असाच असतो.

तोच प्रश्न वेश बदलून येतो, त्यावरही लक्ष ठेवावे लागते. ‘त्याला माझी आठवण येते का’, ‘तो परत येईल का’, ‘आमच्यात तिसरे कोणी आहे का’ हे बहुतेक वेळा एकच प्रश्न असतात. कार्ड पटले नाही म्हणून त्यावर खुलाशासाठी आणखी एक आणि त्यावरही आणखी एक काढणे, हेसुद्धा पुन्हा विचारणेच आहे. मी खुलाशाचे एकच कार्ड काढते. पत्त्यांचा एक गठ्ठा निवडायला सांगणारे व्हिडिओ तर कोणा एकासाठी नसतातच, तरी मनाला ते उत्तरासारखेच लागतात, म्हणून तेही मी मोजणीत धरते.

सवय जडली आहे की नाही हे ओळखायला मी एक साधी विचारणा करते. कार्डे पिसण्याआधी विचारते, ‘चांगले आले तर तू काय करशील? वाईट आले तर काय करशील?’ दोन्हींचे उत्तर वेगवेगळे असेल तर रीडिंगला अर्थ आहे. दोन्ही वेळा ‘उद्या परत काढून बघीन’ असेच उत्तर असेल तर मी डेक उघडत नाही. परभणीची मुलगी पंधरवड्याने परत आली आणि म्हणाली, “ताई, काहीच सुधरना झालंय, एकदा परत काढा ना.” मी वही तिच्यापुढे ठेवली. पेज ऑफ स्वॉर्ड्स आल्याचे तिला आठवतच नव्हते. टॉवर तेवढे पक्के लक्षात होते, आणि ते तर माझ्याकडे निघालेलेच नव्हते. पहिल्या रीडिंगने मिळालेला निर्धास्तपणा तिला दोन-तीन दिवस तरी पुरला होता, नंतरनंतर तो सकाळपर्यंतही टिकेनासा झाला, हे तिने स्वतःच सांगितले. मानसोपचारात खात्री करून घेण्याची जी ओढ वर्णन केली जाते तिचे रूप असेच असते : उत्तराने क्षणभर बरे वाटते, शंका परत येते, आणि दर वेळी लवकर येते. मधूनमधून मनासारखे कार्ड येत असल्यामुळे हात थांबत नाही.

त्या दिवशी मी कार्डे काढली नाहीत आणि पैसेही घेतले नाहीत. तिने ॲप काढून टाकले. संक्रांतीला तिने त्याला विचारले, तेव्हा त्याने घरी अजून काहीच सांगितले नसल्याचे कळले. त्यानंतर ती आली ती वेगळा प्रश्न घेऊन : ‘मी किती दिवस थांबायला तयार आहे?’ आता नवी माहिती होती आणि प्रश्न तिच्या स्वतःच्या निर्णयाविषयी होता, म्हणून ते रीडिंग मी आनंदाने केले.

या बाबतीत पहिली जबाबदारी आम्हा रीडिंग करणाऱ्यांची आहे, हे मला स्पष्ट लिहावेसे वाटते. दर रीडिंगमागे पैसे घेणाऱ्याला तीच व्यक्ती दर आठवड्याला येणे सोयीचेच असते, आणि घाबरलेली मुलगी भाव करीत नाही. झोप उडाली असेल, जेवणखाण सुटले असेल, कामात लक्ष लागत नसेल आणि थांबायचे ठरवूनही थांबता येत नसेल, तर तिला पुढची तारीख देण्याऐवजी शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

आपणास विनंती की, आपल्या सदराखाली दर आठवड्याला हा क्रमांक छापावा, आणि सदरलेखकांनी प्रेमाच्या प्रश्नावर लिहिताना तो प्रश्न पुन्हा केव्हा विचारावा आणि केव्हा विचारू नये, हेही एका वाक्यात सांगावे.

आपली विश्वासू,
एक वाचक
अंबाजोगाई, जि. बीड